पहिली तार दोनदा तुटली : पावसाळ्यातल्या एका व्हायोलिनचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात नववीत शिकणारी एक मुलगी माझ्याकडे व्हायोलिन शिकते. तिची आणि कुटुंबाची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. व्हायोलिनबद्दल मात्र सगळं जसंच्या तसं सांगतो.

व्हायोलिन जुनं, विद्यार्थ्यांसाठीचं, फेब्रुवारीत पुण्याहून आणलेलं. तारांची खालची टोकं जिथे अडकवतात त्या टेलपीसवर चारही तारांना फाइन ट्यूनर, म्हणजे सूर बारीक जुळवायचे छोटे स्क्रू, आहेत. हिंदुस्थानी पद्धतीने प-सा-प-सा असं जुळवायचं, सा काळी एक, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी. म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीत जी पहिली, सगळ्यात बारीक ई तार, ती इथे तीन अर्धस्वर खाली, तार षड्जाला येते. प्रकरण समजायला हे लक्षात ठेवावं लागेल, कारण ही तार तिच्यासाठी ठरलेल्या ताणापेक्षा बरीच सैल असते. पोलादी ई तार साधारण ०.२६ मिलिमीटर जाडीची असते आणि ई स्वराला साडेसात ते आठ किलोचा ताण घेते. काळी एकच्या तार षड्जाला तो ताण साडेपाच किलोच्या आसपास येतो. अशी तार केवळ ताणाने तुटण्याचं काही कारण नाही.

जुलैमध्ये ती तुटली. घरच्यांनी सेटमधली दुसरी लावली. आठवडा उलटायच्या आत तीही तुटली, आणि दोन्ही वेळा वाजवताना नव्हे, सूर लावताना.

अडचण काय होती

तार तुटली की घरातली मंडळी तुकडे गुंडाळून टाकून देतात. इथे मुलीच्या आजोबांनी दोन्ही वेळचे तुकडे एका जुन्या पाकिटात ठेवले होते, आणि त्यामुळेच पुढचा शोध लागला. तार कुठे तुटली यावरून ती का तुटली ते बहुतेक वेळा कळतं. फाइन ट्यूनरजवळ तुटली तर तिथली धार किंवा चुकीच्या जातीचं टोक. ब्रिजवर, म्हणजे तारा ज्या उभ्या लाकडी तुकड्यावरून जातात तिथे, तुटली तर तिथली खाच. खुंटीच्या भोकाशी तुटली तर गुंडाळी. मधल्या मोकळ्या लांबीत तुटली तर गंज, किंवा भलत्याच स्वरापर्यंत ताणलेली तार.

तुकडा व्हायोलिनवर जागेवर धरून पाहिला. मण्याचं टोक फाइन ट्यूनरपाशी ठेवून तार ब्रिजवरून, बोटं ठेवायच्या पट्टीवरून नेली. तुटकं टोक नटच्या किंचित पलीकडे, खुंट्या बसवलेल्या पेगबॉक्सच्या बाजूला आलं. दुसरा तुकडाही तिथेच. नट म्हणजे पट्टीच्या वरच्या टोकाला असलेली ती छोटी आडवी पट्टी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे वळतात. त्या टोकाजवळ बोटाच्या पेरभर भागात तांबूस ठिपके होते. बाकीची तार स्वच्छ.

आजोबांना विचारलं, तार तुटली तेव्हा नेमकं काय होत होतं? ते म्हणाले, "खुंटी फिरणाच नाय मास्तरांनु, आणि फिरली की एकदम फिरता."

निदानाचा अर्धा भाग या एका वाक्यात होता. उरलेला अर्धा फाइन ट्यूनरमध्ये सापडला. पहिल्या तारेच्या फाइन ट्यूनरचा स्क्रू पूर्ण खाली पिळलेला होता. आता तो आणखी खाली जाऊच शकत नव्हता, म्हणजे सूर जरासा चढवायचा झाला तरी खुंटीलाच हात घालावा लागत होता. खालून बोट घालून पाहिलं तर ट्यूनरच्या तरफेचं टोक व्हायोलिनच्या पोटाला टेकलेलं, आणि तिथे वॉर्निशवर नखाएवढा पांढरा ओरखडा. आणखी काही महिने हे तसंच राहिलं असतं तर लाकडात खड्डा पडला असता.

एका झटक्यात किती ताण वाढतो

खुंटीचा झटका एवढा महाग का पडतो, हे एकदा हिशोबाने पाहण्यासारखं आहे. पोलादी तार फार कमी लांबते. नटपासून ब्रिजपर्यंत सुमारे ३२५ मिलिमीटर, शिवाय दोन्हीकडचे तुकडे धरून पूर्ण तार साधारण ४३० मिलिमीटर भरते. एवढी तार सैल अवस्थेतून काळी एकच्या तार षड्जाला आणायला ती सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास ताणावी लागते. तार गुंडाळते तिथे खुंटीची जाडी सात मिलिमीटर धरली तर तिचा घेर येतो बावीस मिलिमीटर. म्हणजे तार एकदा सरळ झाली की षड्जापर्यंतचा सगळा प्रवास खुंटीच्या दहाव्या हिश्शाच्या फेऱ्यात संपतो.

आता अडकलेली खुंटी जोर लावल्यावर सुटली आणि फेऱ्याचा बारावा हिस्सा एकदम फिरली असं समजा. हाताला ते जेमतेम जाणवतं. पण तार १.८ मिलिमीटर जास्त ओढली जाते, ताण साडेपाच किलोवरून दहाच्या घरात जातो आणि सूर षड्जावरून थेट वरच्या शुद्ध मध्यमापर्यंत उडतो. नवी, सरळ, गंज नसलेली तार हेही सोसते. नटवर वाकलेली, खाचेत चिमटलेली आणि तिथेच गंजाने खाल्लेली तार नाही सोसत.

यात नटचा आणखी एक वाटा आहे. खाच आवळ असेल तर तार तिच्यातून सरकत नाही. खुंटीकडच्या बाजूला ताण चढत राहतो आणि वाजणाऱ्या बाजूला सूर तसाच राहतो. वाजवणाऱ्याला वाटतं सूर अजून खाली आहे, म्हणून तो आणखी पिळतो. दोन्ही तुकडे नटच्या खुंटीकडच्याच बाजूला का तुटले, याचं उत्तर इथे आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला आणि सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे तिसरी तार लावणे. घरी आणखी तार नव्हती, मागवली असती तर चार-पाच दिवसांत आली असती. पण खुंटी, नट आणि फाइन ट्यूनर यांपैकी काहीच बदललं नसतं तर तिसरी तारही त्याच जागी तुटली असती. म्हणून तार मागवली, पण ती आली तरी लावायची घाई करायची नाही असं ठरलं.

दुसरा पर्याय गावातच होता. तालुक्याच्या दुकानात गिटारच्या तारा मिळतात, आणि गिटारची सगळ्यात बारीक पोलादी तार बऱ्याचदा ०.०१० इंचाची, म्हणजे ०.२५४ मिलिमीटरची असते. व्हायोलिनच्या ई तारेपेक्षा फारशी वेगळी नाही. गिटारची लांबी व्हायोलिनच्या जवळपास दुप्पट आणि स्वर एक सप्तक खाली, त्यामुळे ताणही जवळपास तेवढाच येतो. तेव्हा अडीअडचणीला ही तार चालते, हे ऐकीव नाही, हिशोबातही बसतं. अडचण टोकाची आहे. गिटारच्या तारेचा मणी मोठा असतो आणि मण्याजवळ तार स्वतःभोवती पिळून जाड केलेली असते. फाइन ट्यूनरच्या दोन दातांमध्ये ती नीट बसत नाही, ताण आला की मणी निसटू शकतो, आणि ताणलेली तार सुटली तर तोंडावर येते. मुलीला लगेच कुठे वाजवायचं नव्हतं, म्हणून हा पर्याय सोडला. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम असता तर कदाचित वेगळं ठरवलं असतं.

तिसरा पर्याय, घाट चढून कोल्हापूर किंवा मिरजेला कारागिराकडे नेणे. मिरजेचं नाव सतार-तंबोऱ्यांचं आहे, पण तिथल्या जाणत्या हाताला खुंटी आणि खाच यांचं काम नवं नाही. मुलीच्या वडिलांचा कल याच पर्यायाकडे होता. मला त्यात एकच शंका होती. घाटावर त्यामानाने कोरड्या हवेत नीट बसवलेली खुंटी जुलैत परत किनाऱ्यावर आली की पुन्हा फुगणार. दुरुस्ती करायची तर ती वाद्य जिथे राहतं तिथल्या हवेचा विचार करूनच.

चौथा पर्याय वडिलांनीच काढला. आत गिअर असलेल्या खुंट्या मिळतात. त्या लाकडासारख्या फुगत नाहीत, सटकत नाहीत, आणि सूरही खुंटीवरूनच बारीक लावता येतो. दमट हवेसाठी ही चांगली सोय आहे असं माझंही मत आहे. पण त्या बसवायला पेगबॉक्सची भोकं रीमर नावाच्या निमुळत्या हत्याराने मापात आणावी लागतात, ते काम कारागिराचंच, आणि या व्हायोलिनच्या किमतीच्या मानाने खर्च जड होता.

म्हणून ठरलं ते असं : खुंटी काढून पाहायची, घरात जेवढं सुरक्षितपणे करता येईल तेवढं करायचं, आणि लाकूड कापायची किंवा घासायची वेळ आली तर तिथे थांबून कारागिराकडे जायचं.

खुंटी बाहेर काढली

पहिली तार तुटलेलीच होती, त्यामुळे त्या खुंटीवर ताण नव्हता. बाकीच्या तीन तारा तशाच ताणात ठेवल्या. चारही तारा एकदम काढायच्या नाहीत, कारण ब्रिज तारांच्या दाबानेच उभा असतो, आणि पोटात खांबासारखा उभा असलेला साउंड पोस्टही त्या दाबावर टिकून असतो. तो पडला तर घरी उभा करता येत नाही.

ताण नसतानाही खुंटी हलेना. इथे पहिला खरा निर्णय घ्यावा लागला. पक्कड लावणं, मागून ठोकणं किंवा चुलीजवळ ठेवून सुकवणं, या तिन्ही सूचना घरातून आल्या. पकडीने खुंटीचा कान, म्हणजे बोटांत धरायचा चपटा भाग, मोडतो. ठोकलं तर पेगबॉक्सची भिंत चिरते. उष्णतेने व्हायोलिनचे जोड सुटतात, कारण ते सरसाने चिकटवलेले असतात आणि सरस उष्णतेला व ओलाव्याला सैल पडतो. लाकूड ओलाव्याने फुगलं असेल तर ओलावा हळूहळू काढणं हाच मार्ग. शेजारच्या घरात एका खोलीत एसी होता. व्हायोलिन पेटीतून काढून एक रात्र तिथे, थेट झोताखाली न येईल असं, कापडावर ठेवलं.

सकाळी खुंटी पुढे-मागे थोडीथोडी हलवत बाहेर आली. तिच्या जोडीला दुसरंही काही घडलं होतं. तिसऱ्या तारेची खुंटी रात्रीत आपोआप सुटून तार लोंबत होती. एका रात्रीच्या कोरड्या हवेत एक खुंटी मोकळी झाली आणि दुसरी सटकली. लाकूड आडव्या दिशेला जास्त फुगतं आणि आकसतं, खुंटीही आणि तिचं भोकही, पण दोघांच्या लाकडाच्या रेषा वेगळ्या दिशांना असल्याने दोन्ही सारखी बदलत नाहीत. पावसाळ्यात अडकणं आणि कोरड्या हवेत सटकणं हे एकाच गोष्टीचं दोन ऋतूंतलं रूप आहे. खुंटी दाबत फिरवून ती तिसरी तार लगेच पुन्हा ताणात आणली.

बाहेर काढलेल्या खुंटीवर भिंतींना टेकणाऱ्या दोन जागी चकचकीत कडी दिसत होती. दोन्ही बाजूंना कडं दिसणं चांगलं. याचा अर्थ खुंटी दोन्ही भिंतींना सारखी बसते आहे. एकच कडं दिसलं असतं तर खुंटीचा निमुळतेपणा भोकाशी जुळत नाही असं समजायचं, आणि मग कोणतंही मलम उपयोगाचं नाही. पण या कड्यांना बोट लावलं तर चिकट लागलं, आणि वास ओळखीचा होता. राळ. गजाच्या केसांना लावतात तीच.

मग उलगडा झाला. फेब्रुवारीत कोरड्या हवेतून व्हायोलिन आलं तेव्हा खुंट्या सटकत होत्या. कुणीतरी सांगितलं, राळ पूड करून लावा, पकडेल. राळेने पकडलं खरं. पण राळेची पकड चिकट असते. ती धरून ठेवते आणि जोर वाढला की एकदम सोडते. गजाच्या बाबतीत आपल्याला नेमकं तेच हवं असतं, तार धरायची आणि सोडायची. खुंटीच्या बाबतीत तेच घातक. त्यात जून-जुलैत लाकूड फुगलं, आणि फाइन ट्यूनर संपलेला असल्याने दिवसातून दोन-तीनदा खुंटी दाबून पिळली जात होती.

साफसफाई आणि मलम

राळ पाण्याने निघत नाही, स्पिरिटने निघते. स्पिरिट वॉर्निशही विरघळवतं, म्हणून व्हायोलिन दुसऱ्या खोलीत ठेवलं आणि फक्त खुंटी कापडाने पुसली. कापड काळं झालं. खुंट्या आबनुसाच्या नसून रंगवलेल्या साध्या लाकडाच्या होत्या. स्वस्त व्हायोलिनमध्ये हे नेहमीचंच, आणि अशी मऊ खुंटी लवकर झिजते. भोकात स्पिरिट घातलं नाही, कोरड्या सुती कापडाची वात करून आतून फिरवली.

खुंटीसाठी तयार मलम मिळतं. त्यात सरकण्यासाठी आणि पकडण्यासाठी अशा दोन्ही गोष्टी एकत्र असतात. ते हाताशी नसेल तर घरगुती जोड म्हणजे कोरडा साबण आणि खडू. साबणाने खुंटी सरकते, खडूने थांबते. इथे त्या दोन कड्यांवर कोरड्या साबणाची वडी हलकी घासली, वर अगदी थोडा खडू, मग खुंटी भोकात घालून कितीतरी वेळा फिरवली, काढली, पुसली, पुन्हा लावली. हाताला एकसारखं, न अडखळता फिरतंय आणि सोडल्यावर जागेवर राहतंय, अशी स्थिती येईपर्यंत. पावसाळ्यात साबणाचं प्रमाण जास्त, थंडीत खडूचं. तेल कधीच नाही, खोबरेल तर मुळीच नाही. ते लाकडात मुरतं, आणि एकदा मुरलं की खडू धरत नाही.

नटच्या खाचेतून जुन्या तारेचा तुकडा ओढून पाहिला. तो अडखळत होता. मऊ शिसाच्या पेन्सिलीने, २बी होती, खाच भरून काढली आणि तुकडा पुन्हा ओढला. बराच सुलभ गेला, पूर्ण नाही. इथे कानस हातात घ्यायचा मोह होतो. तो टाळला. खाच जराशी जास्त खोल गेली तर मोकळी तार पट्टीवर करकरते आणि मग नटच बदलावा लागतो. हे काम कारागिरासाठी राखून ठेवलं. ब्रिजच्या खाचेतही पेन्सिल फिरवली.

नवी तार

तार आली ती मण्याची होती. मागवतानाच हे पाहावं लागतं. फाइन ट्यूनरला दोन दात असतील तर मणी, एकच बारीक आकडा असेल तर फासा. उलट-सुलट केलं तर एक तर तार निसटते, नाही तर आकड्याच्या धारेवर कापली जाते.

आधी फाइन ट्यूनरचा स्क्रू वर फिरवून मधोमध आणला, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे वाव राहील. मणी दातांमध्ये बसवून मुलीला तिथे बोट ठेवायला सांगितलं. सैल तारेचा मणी गुंडाळताना हमखास बाहेर येतो. तारेवर एक छोटी प्लास्टिकची नळी होती. ती ब्रिजवर तारेखाली बसते, म्हणजे बारीक तार लाकडात रुतत नाही. या ब्रिजवर तिथे चामड्याचा तुकडा आधीच चिकटवलेला होता, तेव्हा नळी टेलपीसच्या बाजूला सरकवून ठेवली.

गुंडाळी हा यातला सगळ्यात कमी समजावला जाणारा भाग आहे, म्हणून सावकाश सांगतो. पहिल्या तारेची खुंटी म्हणजे व्हायोलिन समोर उभं धरल्यावर उजवीकडच्या दोन खुंट्यांपैकी नटच्या जवळची. तारेचं टोक भोकातून पाचेक मिलिमीटर बाहेर काढलं. तार खुंटीच्या वरून, म्हणजे पट्टीच्या बाजूने आली पाहिजे, आणि ताणताना खुंटी व्हायोलिनच्या डोक्याच्या दिशेने वळली पाहिजे. पहिला वेढा टोकावरून आडवा घेतला, त्याने टोक दाबून राहतं. त्यापुढचे वेढे एकाशेजारी एक, खुंटीच्या कानाच्या दिशेने. एकावर एक चढू द्यायचे नाहीत, चढलेला वेढा ताणाखाली घसरला की सूर धाडकन उतरतो किंवा खालची तार चिमटून तुटते.

कानाच्या दिशेनेच का? एक तर नटमधून निघालेली तार सरळ रेषेत खुंटीवर येते, खाचेत तिरकी ओढली जात नाही. दुसरं, भिंतीजवळ आलेले वेढे खुंटीला अलगद आत ओढून धरतात. उलट्या बाजूला गुंडाळली तर खुंटी हळूहळू बाहेर ढकलली जाते आणि सटकते. मात्र शेवटचा वेढा भिंतीवर दाबून बसवायचा नाही. तो पाचरीसारखा काम करतो आणि खुंटी पुन्हा आवळते. या व्हायोलिनवर आधीच्या गुंडाळीत वेढे एकमेकांवर चढून भिंतीवर रेटलेले होते. आडकण्याच्या कारणांत हेही एक.

ताणताना मुलीने उजव्या हाताने खुंटी फिरवता फिरवता आत दाबली आणि डाव्या हाताने पेगबॉक्सला समोरच्या बाजूने आधार दिला. फिरवणं आणि दाबणं एकाच वेळी. आधी फिरवून मग दाबलं तर दाबाने सूर हलतो. चेहरा तारेच्या रेषेतून बाजूला. दुसऱ्या माणसाने सतत तार छेडत राहायची आणि सूर चढतोय का ते ऐकायचं. खुंटी फिरते आहे पण सूर चढत नाही, असं झालं की लगेच थांबायचं. तार नटमध्ये तरी अडकली आहे, नाही तर वेढा चढतो आहे. असं एकदा झालंही. खुंटी थोडी मागे घेतली, नटजवळ तार बोटाने किंचित उचलून सोडली, आणि सूर पुन्हा चढू लागला.

खुंटीने षड्जाच्या साधारण अर्धस्वर खाली थांबलो. उरलेलं फाइन ट्यूनरवर. मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये `C#5`, ५५४ हर्ट्‌झ. नुसतं `C#` पाहून भागत नाही, आकडाही पाहायचा, कारण सैल तार खालच्या सप्तकातलं अक्षर दाखवते. शेवटी ब्रिज बाजूने पाहिला. तार ताणली की ब्रिजचा माथा पट्टीकडे झुकतो. टेलपीसकडची बाजू पोटाशी काटकोनात हवी आणि पाय पूर्ण टेकलेले हवेत. माथा केसभर पुढे आला होता, दोन्ही हातांच्या बोटांनी धरून मागे घेतला.

काय झालं

पावसाळा संपेपर्यंत ती तार टिकली. रियाजाआधी फाइन ट्यूनरच पुरायचा, आणि स्क्रू अर्ध्याच्या खाली गेला की मुलगी तो वर घेऊन खुंटीने सूर नव्याने लावायची. हा एक नियम तिने स्वतःच वहीत लिहून ठेवला होता. खुंटीला हात लागणं आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं.

दिवाळीनंतर कोल्हापूरला एका कार्यक्रमाला जावं लागलं. तिथे पेटी उघडली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या खुंट्या सुटलेल्या. पहिली जागेवर होती. बाकीच्या खुंट्या जुलैत काढून साफ केल्याच नव्हत्या. दोन्ही तारा दाबत फिरवून ताणात आणल्या, पण दुसरीची खुंटी दर दहा मिनिटांनी उतरत राहिली. खडू लावून वेळ निभावली.

डिसेंबरात पहिल्या तारेवर बोटं पडतात तिथे गंजाचे ठिपके दिसले, तेव्हा ती तुटायची वाट न पाहता बदलली. खाऱ्या हवेत आणि घामाच्या बोटांखाली बारीक पोलादी तारेचं आयुष्य एवढंच. वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसली तर थोडं वाढतं, इतकंच.

वेगळं काय करता आलं असतं

फेब्रुवारीत खुंट्या सटकत होत्या तेव्हाच खडू आणि साबण वापरले असते तर राळेचा प्रश्न आला नसता. याहून मोठा मुद्दा मला एसीचा वाटतो. खुंटी मोकळी करायला तो उपयोगी पडला, पण अख्ख्या व्हायोलिनवर एका रात्रीत एवढा बदल जरा जास्तच. पुढच्या वेळी पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून दोन-तीन दिवस थांबणं मी पसंत करीन. तार यायला तसेही तेवढे दिवस लागणारच होते.

एक खुंटी दुरुस्त करताना चारही करायला हव्या होत्या का, यावर आमच्यात दोन मतं आहेत. वडील म्हणतात हो, कोल्हापूरची फजिती टळली असती. माझं म्हणणं, एका वेळी एकच, एक तार पूर्ण ताणात आल्यावर पुढची. पण तेही जुलैत न करता सप्टेंबरअखेर, लाकूड आकसायला लागण्याच्या सुमारास करायला हवं होतं.

दुसऱ्या तारेची खुंटी जानेवारीत काढून पाहिली. तिच्यावर कडं एकच आहे, कानाकडच्या बाजूला. बारीक टोकाकडे ती भोकात नुसती तरंगते. तिला साबण-खडूने काही होणार नाही. भोक रीमरने सारखं करून नवी, थोडी जाड खुंटी बसवावी लागेल, आणि नटची पहिली खाचही त्याच फेरीत करून घ्यायची आहे. घाटावर न्यायचं ठरलंय ते मे महिन्यात नाही, तर पावसाच्या दोन सरी पडून गेल्यावर, जूनच्या मध्यात. खुंटी किनाऱ्यावरच्या ओल्या लाकडाच्या मापाने बसावी, म्हणून कारागिराला तसं आधी कळवून ठेवलं आहे.